यील्ड टू कॉल आणि यील्ड टू मॅच्युरिटी

यील्ड टू कॉल (कॉल-दिनांकापर्यंतचा परतावा दर) आणि यील्ड टू मॅच्युरिटी (मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा दर) ही कॉलेबल रोख्यावरील वार्षिक परतावा मोजण्याची दोन मापे आहेत. कॉलेबल रोखा म्हणजे ज्याची मुद्दल ठरलेल्या मुदतीपूर्वीच परत करून कर्ज संपवण्याचा हक्क कर्ज घेणाऱ्याने, म्हणजे रोखा काढणाऱ्या सरकारने, कंपनीने वा बँकेने, स्वतःकडे राखून ठेवलेला असतो असा रोखा. या हक्काला ‘कॉल’ म्हणतात. पहिले माप असे गृहीत धरते की हा हक्क कॉल-दिनांकाला वापरला जाईल. दुसरे माप असे गृहीत धरते की तो कधीच वापरला जाणार नाही.

रोख्याचा बाजारभाव दर्शनी मूल्याइतकाच असेल आणि कॉलही दर्शनी मूल्यानेच होणार असेल, तर ही दोन्ही मापे एकच उत्तर देतात. भाव दर्शनी मूल्यापेक्षा अधिक असेल, म्हणजेच रोखा अधिमूल्याने विकला जात असेल, तर मात्र त्यांच्यात मोठे अंतर पडू शकते. अशा रोख्याचा केवळ मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा पाहून खरेदी करणाऱ्याची फसगत होण्याचा संभव असतो, कारण तो परतावा त्याच्या हाती येईल की नाही हे त्याने नव्हे, तर समोरच्या कर्जदाराने ठरवायचे असते.

## एक प्रत्यक्ष उदाहरण : अमेरिकी सरकारचा २००९–१४ चा रोखा

अमेरिकेच्या कोषागाराने नोव्हेंबर १९८४ मध्ये पावणेबारा टक्के (११.७५ टक्के) व्याजाचा एक तीस वर्षांचा रोखा विक्रीस काढला. त्या काळी अमेरिकेत व्याजदर फार चढे होते आणि पुढची तीस वर्षे एवढे व्याज भरत राहणे सरकारला परवडेलच असे नव्हते. म्हणून अखेरच्या पाच वर्षांत, चार महिने आधी सूचना देऊन, कोणत्याही व्याज-दिनांकाला दर्शनी मूल्याने मुद्दल परत करण्याचा हक्क सरकारने राखून ठेवला. व्याज दरवर्षी १५ मे आणि १५ नोव्हेंबर या दिवशी मिळत असे. मुदत १५ नोव्हेंबर २०१४ रोजी संपणार होती आणि कॉलचा पहिला दिवस १५ नोव्हेंबर २००९ हा होता. या दोन वर्षांमुळेच वृत्तपत्रांतील भावांच्या कोष्टकांत असा रोखा ‘२००९–१४’ अशा जोडवर्षाने छापला जाई. कोषागाराने काढलेला हा अखेरचा कॉलेबल रोखा ठरला. त्यानंतर साधे, मुदतीपर्यंत चालणारे रोखेच काढण्यात आले.

पुढील वीस वर्षांत व्याजदर उतरत गेले. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकी सरकारच्या पाच वर्षांच्या रोख्यांवर सुमारे साडेतीन टक्के, तर दहा वर्षांच्या रोख्यांवर सव्वाचार टक्क्यांच्या किंचित खाली परतावा मिळत होता. बाजारात साडेतीन-चार टक्के मिळत असताना पावणेबारा टक्के व्याज देणारा रोखा कोणी हजार डॉलरांत विकणार नाही, हे उघड आहे. त्याचा भाव चढलेलाच असणार. उदाहरणासाठी असे धरू की १५ नोव्हेंबर २००४ रोजी, त्या दिवशीचे व्याज दिले गेल्यानंतर, १,००० डॉलर दर्शनी मूल्याचा हा रोखा १,३७५ डॉलरांना विकत घेतला. हा भाव हिशेबाच्या सोयीसाठी येथे घेतलेला आहे, परंतु त्या वेळच्या व्याजदरांशी तो जुळणारा आहे.

आता या खरेदीदाराला किती टक्के परतावा मिळेल? या एका प्रश्नाची तीन उत्तरे मिळतात आणि तिन्ही उत्तरे गणिताच्या दृष्टीने बरोबर असतात.

## परताव्याचे तीन आकडे

पहिले उत्तर सर्वांत सोपे आणि सर्वांत फसवे आहे. वर्षाचे व्याज ११७.५० डॉलर, गुंतवणूक १,३७५ डॉलर. भागाकार केला की ८.५५ टक्के येतात. याला चालू परतावा म्हणतात. भरलेल्या १,३७५ डॉलरांपैकी अखेरीस केवळ १,००० डॉलरच परत मिळणार आहेत, ही गोष्ट या आकड्यात कोठेच येत नाही. वरचे ३७५ डॉलर, म्हणजेच अधिमूल्य, हे खरेदीदाराने पुढील वर्षांतील जादा व्याजासाठी आगाऊ मोजलेले पैसे आहेत. ते हळूहळू झिजत जातात आणि परतफेडीच्या दिवशी पूर्णपणे संपलेले असतात.

ही झीज किती वर्षांत पसरवायची, या एकाच प्रश्नावर उरलेली दोन उत्तरे वेगळी होतात. रोखा २०१४ पर्यंत चालला, तर ३७५ डॉलरांची झीज दहा वर्षांवर पडते. तो २००९ मध्येच परत घेतला गेला, तर तीच झीज पाच वर्षांतच सोसावी लागते.

शाळेतल्या अंकगणितानेही हे ताडून पाहता येते. दहा वर्षांत एकूण व्याज १,१७५ डॉलर मिळेल, त्यातून ३७५ वजा केले की ८०० उरतात, म्हणजे वर्षाला ८० डॉलर. सुरुवातीची रक्कम १,३७५ आणि अखेरची १,००० यांची सरासरी १,१८७.५० डॉलर. तिच्याशी ८० चे प्रमाण ६.७४ टक्के पडते. पाच वर्षांच्या हिशेबात व्याज ५८७.५० डॉलर मिळते, पण वजावट मात्र तेवढीच, ३७५ डॉलरांची, राहते. उरतात २१२.५०, म्हणजे वर्षाला ४२.५० डॉलर, आणि त्याच सरासरीशी हे प्रमाण ३.५८ टक्के होते. व्याज निम्मे झाले, परंतु तोटा निम्मा झाला नाही. दोन मापांमधील अंतराचे सारे कारण या एका वाक्यात आहे.

वरील रीत ढोबळ आहे. अचूक उत्तरासाठी प्रत्येक हप्ता किती काळाने हाती येणार आहे हे विचारात घ्यावे लागते. तसा हिशेब केला असता यील्ड टू मॅच्युरिटी ६.५७ टक्के, तर यील्ड टू कॉल ३.५१ टक्के येते.

## अचूक हिशेबाची रीत

दोन्ही मापांचे सूत्र एकच आहे. फरक पडतो तो केवळ त्यात घालायच्या आकड्यांत.

```
P = C × [1 − (1 + r)^(−n)] / r + K × (1 + r)^(−n)
```

येथे P हा आज मोजलेला भाव, C हा सहा महिन्यांच्या व्याजाचा हप्ता, n ही हप्त्यांची संख्या आणि K ही अखेरीस परत मिळणारी रक्कम होय. r हा सहामाही दर शोधायचा असतो आणि रूढ पद्धतीनुसार त्याची दुप्पट करून वार्षिक दर सांगितला जातो. यील्ड टू मॅच्युरिटी काढताना n म्हणजे मुदतपूर्तीपर्यंतचे हप्ते आणि K म्हणजे दर्शनी मूल्य घ्यायचे. यील्ड टू कॉल काढताना n म्हणजे कॉल-दिनांकापर्यंतचे हप्ते आणि K म्हणजे कॉल-किंमत घ्यायची. आपल्या उदाहरणात C ५८.७५ डॉलर आहे. K दोन्ही वेळा १,००० डॉलर आहे. n मात्र एकदा २० आणि एकदा १० आहे.

या समीकरणातून r सरळ सोडवून काढता येत नाही. एक दर धरून भाव काढायचा, तो प्रत्यक्ष भावाशी ताडायचा आणि दर थोडा वरखाली करायचा, अशा अंदाजानेच उत्तराकडे जावे लागते. वार्षिक ३.५ टक्के दर धरून दहा हप्त्यांचा भाव काढला तर तो १,३७५.४३ डॉलर येतो, म्हणजे आपल्या भावापेक्षा ४३ सेंट अधिक. ३.६ टक्के धरला तर १,३६९.९० येतो, म्हणजे पाच डॉलरांनी कमी. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये, ३.५ च्या अगदी जवळ असले पाहिजे. ते ३.५१ आहे. संगणकाच्या कोष्टक-प्रणालीत हेच काम एका ओळीत होते :

```
=YIELD(DATE(2004,11,15),DATE(2009,11,15),0.1175,137.5,100,2,1)
=YIELD(DATE(2004,11,15),DATE(2014,11,15),0.1175,137.5,100,2,1)
```

पहिली ओळ कॉलपर्यंतचा आणि दुसरी मुदतपूर्तीपर्यंतचा दर देते. दोहोंत केवळ एका तारखेचा फरक आहे हे लक्षात घेण्याजोगे आहे. येथे भाव दर शंभर डॉलर दर्शनी मूल्यामागे लिहिलेला आहे. कॉल-किंमत दर्शनी मूल्याहून वेगळी असेल, तर पहिल्या ओळीत १०० च्या जागी ती घालावी लागते. हे विसरणे ही नेहमी होणारी चूक आहे. व्याज-दिनांकाव्यतिरिक्त अन्य दिवशी खरेदी केली, तर मागील हप्त्यापासून साचलेले व्याजही विकणाऱ्याला वेगळे द्यावे लागते. वरील फंक्शन ते आपोआप धरते, हाताने केलेल्या हिशेबात मात्र ते आठवणीने धरावे लागते.

## कॉल होईल की नाही?

आकडे दोन आहेत, तेव्हा त्यांपैकी कोणता मानावा, असा प्रश्न स्वाभाविकपणे येतो. त्यासाठी खरेदीदाराच्या जागी नव्हे, तर कर्जदाराच्या जागी बसून पाहावे लागते.

कर्जदाराला आपण जुन्या कर्जावर किती व्याज भरतो आणि आज नवे कर्ज किती व्याजाने मिळेल, एवढेच पाहायचे असते. घर-कर्जाचे व्याजदर उतरले की जुने महाग कर्ज फेडून नवे स्वस्त कर्ज घेणारा गृहस्थ नेमके हेच करतो. रोखा अधिमूल्याने विकला जात असेल, तर नवे कर्ज स्वस्त झाले आहे असे बाजारच सांगत असतो. ज्या कारणाने भाव वर गेला, त्याच कारणाने कॉलची शक्यता वाढते. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत. त्यामुळे ‘भाव तर चढा आहे, पण कॉल होणार नाही असे धरू’ हे गृहीतक मुळातच आपल्याशी विसंगत ठरते.

अमेरिकी कोषागाराच्या बाबतीत पुढे काय घडले हे सर्वज्ञात आहे. २००९ मध्ये पाच वर्षांचे नवे कर्ज सरकारला अडीच टक्क्यांच्या आतबाहेर मिळत होते. जुन्या रोख्यावर प्रत्येक हजार डॉलरांमागे वर्षाला ११७.५० डॉलर भरण्याऐवजी पंचवीसेक डॉलरांत काम भागत होते. सरकारने आपला हक्क वापरला आणि १५ नोव्हेंबर २००९ हा दिवस परतफेडीचा ठरवला. त्या दिवसापासून रोख्यावरील व्याज थांबले.

ज्याने २००४ मध्ये ६.५७ टक्क्यांचा हिशेब मनात धरून रोखा घेतला असेल, त्याचे काय झाले हे आता पाहू. त्या हिशेबानुसार पाच वर्षांनंतर त्याच्या रोख्याचे मूल्य सुमारे १,२१८ डॉलर असायला हवे होते, कारण अधिमूल्याची झीज अजून पुरी व्हायची होती. हातात मात्र १,००० डॉलर पडले. २१८ डॉलरांची ही तूट कोणी बुडवलेली नाही. ती पहिल्या दिवसापासून हिशेबात होती, फक्त चुकीच्या मापामुळे दिसत नव्हती. पुढे त्याने ते हजार डॉलर उरलेल्या पाच वर्षांसाठी सव्वादोन टक्क्यांनी गुंतवले असे धरले, तर संपूर्ण दहा वर्षांचा त्याचा परतावा जेमतेम ३ टक्के भरतो. ज्याने सुरुवातीपासून ३.५१ टक्के हाच आकडा मानला, त्याला मात्र पहिल्या पाच वर्षांत नेमके तेवढेच मिळाले.

## बाजार हे आधीच जाणतो

याच व्याजाचा, परंतु कॉलचा हक्क नसलेला दहा वर्षांचा रोखा त्या दिवशी ४.२ टक्के दराने विकला गेला असता, तर त्याचा भाव सुमारे १,६११ डॉलर झाला असता. आपल्या उदाहरणातील कॉलेबल रोखा १,३७५ डॉलरांनाच मिळतो. मधले सुमारे २३६ डॉलर ही कर्जदाराकडे असलेल्या हक्काची किंमत आहे. स्वस्त मिळाला म्हणून आनंद मानण्याचे कारण नाही. सरकारी रोखा आणि तोही त्याच सुमाराच्या अन्य सरकारी रोख्यांपेक्षा सव्वादोन टक्के अधिक परतावा देणारा दिसला, तर बाजाराचे लक्ष नव्हते असे समजण्यापेक्षा आपण माप चुकीचे लावले आहे असे समजणे अधिक सुरक्षित असते. त्याच रोख्याचे यील्ड टू कॉल पाच वर्षांच्या साध्या सरकारी रोख्याच्या परताव्याशी जवळजवळ तंतोतंत जुळत होते. बाजार त्याला दहा वर्षांचा नव्हे, तर पाच वर्षांचाच रोखा मानत होता, याचा हा पुरावा आहे.

यामुळेच अशा रोख्यांचे भाव एका मर्यादेपलीकडे चढत नाहीत. व्याजदर उतरत जातील तसा साध्या रोख्याचा भाव वाढत जातो. कॉलेबल रोख्याचा भाव मात्र कॉल-दिनांक जवळ येईल तसतसा कॉल-किंमतीकडे ओढला जातो. व्याजदर वाढले तर भाव उतरतो तो इतर रोख्यांसारखाच, परंतु दर उतरले तर लाभ मात्र मर्यादितच मिळतो.

कॉल-दिनांक अगदी जवळ आला असता यील्ड टू कॉल भावातील थोड्याशा फरकानेही फार बदलते. कॉलला एकच वर्ष उरले असताना हाच रोखा १,१०० डॉलरांना घेतला, तर वर्षात व्याज ११७.५० मिळेल आणि १०० डॉलर झिजतील. हाती उरतात १७.५० डॉलर, म्हणजे सुमारे १.६ टक्के. तोच १,१३० डॉलरांना घेतला, तर एकूण हाती येणारे १,११७.५० डॉलर हे भरलेल्या रकमेपेक्षाही कमी आहेत आणि परतावा उणे होतो. येथे सूत्राचीही गरज नाही. कॉलपर्यंत मिळणारे सगळे पैसे मांडून त्यांची बेरीज भरलेल्या रकमेशी ताडली की पुरे होते.

## नेहमी यील्ड टू कॉलच कमी असते का?

कॉल दर्शनी मूल्याने होणार असेल आणि भाव दर्शनी मूल्यापेक्षा अधिक असेल, तर होय. अशा स्थितीत जितका लवकर कॉल, तितका परतावा कमी. म्हणून पहिल्या कॉल-दिनांकाचा आकडा हा सर्वांत कमी असतो. अमेरिकी कोषागाराच्या कॉलेबल रोख्यांसाठी कोष्टकांतून हाच नियम पाळला जाई : भाव दर्शनी मूल्याहून अधिक असेल तर परतावा पहिल्या कॉल-दिनांकापर्यंत मोजायचा आणि कमी असेल तर मुदतपूर्तीपर्यंत.

कंपन्यांच्या रोख्यांत मात्र कॉल-किंमत अनेकदा दर्शनी मूल्यापेक्षा अधिक ठेवलेली असते. लवकर परतफेड केल्याबद्दल रोखेधारकाला दिलेली ही भरपाई असते आणि बहुधा ती वर्षागणिक कमी होत जाते. तेथे वरील नियम डोळे मिटून लावता येत नाही. समजा, दरवर्षी ८ टक्के व्याज देणारा, दहा वर्षे मुदत उरलेला एक रोखा १,०३० रुपयांना मिळत आहे, आणि दोन वर्षांनी तो १,०५० रुपये देऊन परत घेण्याचा हक्क कंपनीला आहे. भाव दर्शनी मूल्याहून अधिक आहे, तरीही कॉल झाल्यास खरेदीदाराची झीज न होता उलट वीस रुपये लाभ होतो. येथे यील्ड टू कॉल ८.७० टक्के आणि यील्ड टू मॅच्युरिटी ७.५६ टक्के येते. क्रम उलटला.

म्हणून खरी तुलना भाव आणि दर्शनी मूल्य यांच्यात नसते. यील्ड टू मॅच्युरिटीच्या दराने चालत गेल्यास कॉल-दिनांकाला रोख्याचे जे मूल्य उरेल, ते कॉल-किंमतीपेक्षा अधिक आहे की कमी, हे पाहायचे असते. अधिक असेल तर यील्ड टू कॉल कमी येते, कमी असेल तर ते अधिक येते. आपल्या अमेरिकी उदाहरणात हे मूल्य १,२१८ आणि कॉल-किंमत १,००० होती, म्हणून यील्ड टू कॉल खाली गेले. वरील कंपनीच्या उदाहरणात ते १,०५० च्या पुष्कळ खाली राहते.

कॉलच्या तारखा अनेक आणि प्रत्येक तारखेची किंमत वेगळी असेल, तर प्रत्येक तारखेसाठी वेगळा हिशेब करून, मुदतपूर्तीचा दरही त्यांत मिळवून, सर्वांत कमी आकडा निवडतात. त्याला ‘यील्ड टू वर्स्ट’ म्हणजे किमान परतावा दर म्हणतात. निवड कर्जदाराच्या हाती असल्याने तो आपल्याला प्रतिकूल तेच निवडील असे धरून चालणे, हा यामागचा विचार होय. हा दर कर्जदार पैसे बुडवणार नाही असे गृहीत धरतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. बुडीत कर्जापासून तो संरक्षण देत नाही.

## भारतातील संदर्भ

भारत सरकारने कॉलचा हक्क असलेला रोखा १८ जुलै २००२ रोजी काढला होता. ६.७२ टक्के व्याजाच्या, २०१२ मध्ये मुदत संपणाऱ्या या रोख्यात पाच वर्षांनंतर दर्शनी मूल्याने तो परत घेण्याचा हक्क सरकारला होता. त्याचबरोबर तो दर्शनी मूल्याने सरकारला परत विकण्याचा हक्क, ज्याला ‘पुट’ म्हणतात, रोखेधारकालाही होता. अशा दुहेरी रोख्याचा भाव अधिमूल्याचा असेल तेव्हा पुटचा हक्क निरुपयोगी असतो, कारण बाजारात अधिक किंमत मिळत असताना कोणी तो दर्शनी मूल्याने विकणार नाही. तेव्हा अधिमूल्यापुरता हिशेब साध्या कॉलेबल रोख्यासारखाच करावा लागतो.

आजच्या वाचकाला हा विषय अधिक करून भेटतो तो बँकांच्या ‘अतिरिक्त टियर-१’ रोख्यांच्या संदर्भात. या रोख्यांना मुदतपूर्ती नसतेच. बहुधा पाच किंवा त्याहून अधिक वर्षांनी कॉल करण्याचा बँकेला हक्क असतो, बंधन नसते. मुदत नसल्याने यील्ड टू मॅच्युरिटी कोणत्या तारखेपर्यंत मोजावी, असा प्रश्न उभा राहतो आणि बाजार पहिल्या कॉल-दिनांकालाच मुदतपूर्ती मानून व्यवहार करत असे. मार्च २०२१ मध्ये सेबीने म्युच्युअल फंडांना अशा रोख्यांचे मूल्यांकन करताना त्यांची मुदत निर्गमापासून १०० वर्षे धरण्यास सांगितले. त्यावर बराच गदारोळ झाला आणि ही मुदत टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याची सवलत त्याच महिन्यात देण्यात आली. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये सेबीने या रोख्यांच्या मूल्यांकनासाठी यील्ड टू कॉलचा आधार मान्य केला.

या रोख्यांच्या बाबतीत वरील सर्व विवेचनाची दुसरी बाजूही दिसते. भाव दर्शनी मूल्याहून अधिक असताना यील्ड टू कॉल हा सावध आकडा असतो, कारण बँकेने कॉल केला नाही तर रोखेधारकाला चढे व्याज पुढेही मिळत राहते. परंतु बँकेची स्थिती बिघडली वा व्याजदर चढले आणि भाव दर्शनी मूल्याखाली गेला, की तोच यील्ड टू कॉल आशावादी आकडा बनतो. मुद्दल अमुक तारखेला परत मिळेल असे तो गृहीत धरतो आणि नेमक्या त्याच वेळी बँकेला ते परत करण्याची इच्छा वा ऐपत उरलेली नसते. विक्रेत्याच्या पत्रकात एकच परतावा दर छापलेला असेल, तर तो कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या परतफेडीच्या किंमतीवर मोजला आहे, हे विचारून घ्यावे लागते. या दोन गोष्टी माहीत झाल्या की दुसरा आकडा वरील सूत्राने घरबसल्या काढता येतो.